‘फायनल झालाय’

आज काही लिहिणार नव्हते, उद्या सकाळी ७ ची बस आहे, पण जेवण झालं, भांडी झाली तरी डोकं काही थंड होत नाहीये, म्हणून इथे ओतते. ऑफिसचं रडगाणं नको असेल त्यांनी पुढे सरका.

आज आमचा महिन्याचा रिव्ह्यू होता. ११ ची मीटिंग. साहेब ११ वाजून २५ मिनिटांनी जॉइन झाले, तेही गाडीतून, मागे हॉर्न वाजतायत, आणि आल्या आल्या नेहमीचं वाक्य, "सॉरी सॉरी, एका मिनिटात सांगा कुठवर आलंय." आता हे सांगायचं कोणी, तर जिने डेक, म्हणजे प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स, केलाय तिनेच ना, म्हणजे ७ महिन्यांपूर्वी लागलेली आमची पोरगी. ती बिचारी बोलत होती चौदाव्या स्लाइडवर, दचकली, आणि सरळ मागे जाऊन पहिल्या स्लाइडपासून सुरू झाली. "सर, आधी अजेंडा होता, मग बॅकग्राउंड, मग गेल्या तिमाहीचं डॅमेज..." ४० सेकंदं झाली तेव्हा ती पाचव्या स्लाइडवर. साहेब म्हणाले, "ओके ओके, कंटिन्यू." आणि १२ ला १० कमी असताना त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो सव्वाअकराला सुटलेला होता. झालं, पुन्हा १२ मिनिटं तेच दळण. नंतर कॉफी मशीनपाशी आमचे एक महाशय म्हणतात, "तयारी कमी पडली तिची."

तयारी?? अहो १८ स्लाइड्स केल्यात तिने, दोन रात्री बसून. तयारी डेकची होती, आणि उशिरा आलेल्याला कुठवर आलंय ते सांगायचं, तो कॅच-अप, डेकचा नसतोच मुळी, तो मीटिंगचा असतो. हे तिला कोणी सांगितलंय का कधी? मला तरी कुठे सांगितलं होतं. मी पैसे भरून शिकलेय. म्हणजे कंपनीचे पैसे.

३ वर्षांपूर्वीची गोष्ट. असेच साहेब (हे नाही, आधीचे) उशिरा आले, मला म्हणाले सांग. माझ्या डेकमध्ये स्लाइडवर लिहिलं होतं ‘सप्लायर बी – रेकमेंडेड’. मी घाईत बोलून गेले, "सर, सप्लायर बी फायनल झालाय." बस. चार शब्द. पर्चेसचे काका समोरच बसले होते, त्यांचं तोंड उघडं ते उघडंच, पण ते काही म्हणायच्या आत साहेबांनी "गुड" म्हणून विषय पुढे नेला. दुपारी त्यांनी प्लांटला फोनवर तेच सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सप्लायर बी च्या माणसाला कळलं की आपण फायनल झालोय. काका दुसऱ्या दिवशी भाव पाडायला बसले तर तो माणूस गालातल्या गालात हसतोय, एक रुपया खाली यायला तयार नाही. का येईल? त्याला माहीत होतं ना.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय की डेकमध्ये क्रियापदं नसतात आणि सगळा घोळ तिथेच असतो. ‘पायलट – नागपूर’. ‘कॉस्ट – १४ लाख’. ‘सप्लायर – बी’. हे ठरलंय, की ठरतंय, की नुसतं सुचवलंय, की कोणाला तरी रात्री ११ ला वाटलं म्हणून टाकलंय? स्लाइड काही सांगत नाही. वाचताना चालतं, पण तोंडाने बोलायला गेलात की वाक्याला शेवटी क्रियापद लावावंच लागतं, आणि घाईत जे पहिलं जिभेवर येतं ते ‘झालंय’. ठरलंय, ठरतंय, सुचवलंय, हे तीन शब्द वेगळे ठेवलेत तरी अर्धा कॅच-अप जमला.

आजचंच घ्या. विषय काय तर स्पेअर पार्ट लाकडी खोक्यांतून पाठवतो ते बंद करून परत येणारे प्लास्टिक क्रेट घ्यायचे. डेकच्या पहिल्या नऊ स्लाइड्स डॅमेजचे फोटो आणि आकडे, मग पर्याय, मग चौदावीवर खर्च, मग प्लॅन. आता सव्वाअकराला फायनान्सवाल्याने विचारलं, रिकामे क्रेट डेपोवरून परत आणायचं भाडं कुठे धरलंय? धरलंच नव्हतं. तिथेच हिशोब केला, १४ चे साधारण १७ झाले. म्हणजे २५ मिनिटांत घडलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डेकमध्ये नव्हतीच, उलट डेक तिच्या विरुद्ध सांगत होता! आणि साहेबांनी नंतर विचारलेला प्रश्न हाच, "रिकामे परत आणायचा खर्च धरलाय का?" पहिल्या स्लाइडपासून कितीही छान वाचलं असतं तरी हे त्यांच्या कानावर गेलं नसतं.

बसमध्ये बसून मी मोबाईलवर लिहून काढलं, मी असते तर काय बोलले असते. हे घ्या:

"सर, आपण खर्चावर आहोत, वेअरहाऊसचं बोलणं चालू होतं. तुमच्याकडून शेवटी एकच उत्तर हवंय, नागपूरचा पायलट दिवाळीआधी सुरू करायचा की नंतर. क्रेट वापरायचे आणि आधी फक्त नागपूर डेपोला आठ आठवडे करून बघायचं, यावर इथे सगळ्यांचं एकमत आहे. डेकमध्ये खर्च चौदा लाख आहे तो धरू नका, रिकामे क्रेट परत आणायचं भाडं त्यात नव्हतं, ते धरून साधारण सतरा होतात, पक्का आकडा फायनान्स उद्या देणार. सप्लायर ठरलेला नाही, आम्ही एक सुचवलाय, पर्चेसचं बोलणं चालू आहे. वाद फक्त तारखेवर आहे, सेल्सला दिवाळीच्या गर्दीत नवीन प्रयोग नकोय, वेअरहाऊसचं म्हणणं गर्दीतच क्रेटची खरी परीक्षा होईल. वेअरहाऊसचं तेवढं पूर्ण होऊ दे, मग तुम्हाला विचारतो."

घड्याळ लावून म्हटलं, ५० सेकंदांच्या आसपास येतं. श्वास घेत, न धावता. शेजारची बाई बघत होती, बघू दे.

यात पहिलं वाक्य मुद्दाम फुकट घालवलंय. जॉइन झालेला माणूस पहिली ५-७ सेकंदं ऐकतच नसतो, आवाज येतोय का, म्यूट आहे का, ड्रायव्हरला डावीकडे घे म्हणून सांग, हेच चाललेलं असतं. म्हणून त्यात असं काही ठेवायचं नाही जे हुकलं तर नडेल. पण दुसऱ्या वाक्यात लगेच त्यांच्याकडून काय हवंय ते, कारण पुलाखाली गाडी गेली आणि रेंज गेली तरी तेवढं पोचलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे पुढचं सगळं ते त्या प्रश्नासाठी ऐकतात. प्रश्न शेवटी ठेवलात तर ५० सेकंदं त्यांना कळतच नाही की हे मला का सांगतायत.

आणि "स्लाइडवर दिसतंय तसं" म्हणायचंच नाही हो! गाडीत काय दिसणारे त्यांना? आकडे पण तेवढेच जे बदलले. डॅमेजचे आकडे मीटिंगआधी वाचायला पाठवतो त्या प्री-रीडमध्ये गेलेले होते, ते पुन्हा कशाला? (प्री-रीड वाचत नाहीत म्हणाल तर हो, नाही वाचत, पण त्याची शिक्षा बाकीच्या ११ जणांनी का भोगायची.)

वादाचं वाक्य मला सगळ्यात जास्त वेळ घेतं. कारण ज्यांचा वाद आहे ते दोघंही तिथेच बसून ऐकत असतात. "सेल्सचा विरोध आहे" म्हणालात की सेल्सवाला उसळणार, मग तो आपली बाजू पुन्हा पहिल्यापासून मांडणार, आणि गेला तुमचा एक मिनिट. दोघांनी मान हलवावी असं वाक्य झालं पाहिजे. मी मनात म्हणून बघते, हे ऐकून तो "नाही नाही, तसं नाही" म्हणेल का? म्हणेल असं वाटलं तर शब्द बदलते.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, की साहेबांनी वेळेवर यावं ना. यावं. मान्य. पण त्यांची १० ची मीटिंग कस्टमरबरोबर होती आणि ती लांबली, हेही खरंय, उगाच खोटं कशाला बोलू. शिवाय १२ ला १० कमी असताना कोणी उगवलं तर हे सगळं सांगायची गरजच नाही, तेव्हा फक्त प्रश्न आणि वाद, १५ सेकंदं, बास.

पण मला खरा राग कशाचा आलाय माहितीये? (टाइप करता करता आत्ता कळतंय.) जो माणूस प्रेझेंट करतोय त्याला हे लिहिता येतच नाही. तो बोलत असतो, प्रश्न झेलत असतो, १४ चे १७ झाले हे तो टिपून कधी ठेवणार? हे काम शेजारी बसलेल्याचं. आदल्या दिवशी दोन वाक्यं तयार ठेवायची, काय हवंय आणि कशावर एकमत अपेक्षित आहे, खाली तीन रिकाम्या ओळी, आकडा काय बदलला, काय अजून ठरलं नाही, वाद कशावर, आणि मीटिंग चालू असताना भरत जायचं. साहेब आले की बोलणाऱ्याने श्वास घ्यायचा, शेजारच्याने वाचायचं.

आणि आज तिच्या शेजारी कोण बसलं होतं? मी. हातात पेन होतं, वही होती, १७ हा आकडा मी वहीत लिहिलेला पण होता, गोल करून. आणि मी गप्प बसले. ती पाचव्या स्लाइडवर अडखळत होती तेव्हा मी टेबलाकडे बघत होते. म्हणजे कॉफी मशीनपाशी जे महाशय बोलले त्यांच्यावर मी इतकी का चिडलेय ते बघा आता.

तिला मघाशी मेसेज केला, पुढच्या रिव्ह्यूला कॅच-अप मी सांगणार, तू फक्त थांब. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. रागावलीये बहुतेक, किंवा झोपली असेल.

पर्चेसच्या काकांनी मला त्या सप्लायर बी वरून कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, खरंच नाही. मागच्या मार्चमध्ये रिटायर झाले. सेंड-ऑफला माइक हातात घेतला, सगळ्यांचे आभार मानले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मात्र मी खरंच फायनल झालोय."