इमोजी पेरणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तोंडावर आला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देशभक्तीला भरते येते, आणि हे भरते शब्दांत मावत नसल्यामुळे इमोजींच्या आश्रयाला जावे लागते. आपल्या ग्रुपमध्ये दृष्टिहीन सदस्य असतील, उदाहरणार्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एखादे गुरुजी, तर त्यांच्यापर्यंत आपला उत्साह पोहोचत नसेल अशी शंका मुळीच बाळगू नये. तो पूर्ण पोहोचतो. किंबहुना डोळसांपेक्षा त्यांनाच तो जास्त वेळ पुरतो.

याचे कारण समजून घेतले तर काम अधिक नेटके होईल. गुरुजींच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर असतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. पडद्यावरचा मजकूर तो आवाजात वाचून दाखवतो. इमोजी आपल्याला चित्र वाटले तरी फोनच्या दृष्टीने ते युनिकोडमधले एक चिन्ह असते आणि युनिकोडच्याच यादीत त्याला अनेक भाषांत एकेक ठरलेले नाव दिलेले असते. स्क्रीन रीडर ते नाव उच्चारतो. फोन इंग्रजीत असेल, आणि पुष्कळांचा असतो, तर नावही इंग्रजीत येते. जोडलेल्या हातांना तो ‘फोल्डेड हँड्स’ म्हणतो, पुष्पगुच्छाला ‘बुके’ आणि तिरंग्याला ‘फ्लॅग इंडिया’. (या लेखात इमोजींची नावे शब्दांत लिहिली आहेत, चिन्हे घातलेली नाहीत. हा कंजूषपणा खटकला, तर वाचकांनी आपल्या पदरची चिन्हे घालून घ्यावीत.)

आता १६ सप्टेंबरच्या रात्री पाठवायचा एक आदर्श संदेश रचून पाहू. आरंभी पाच तिरंगे लावावेत. मग ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहावे. त्यापुढे सहा जोडलेले हात टाकावेत, मात्र ते साधे पिवळे नकोत. बोट दाबून धरले की त्वचेच्या छटा निवडायला मिळतात, त्यांतली गडद-मध्यम छटा घ्यावी. मग ‘उद्या सकाळी साडेआठ वाजता शाळेच्या मैदानावर ध्वजारोहण’ आणि अखेरीस चार पुष्पगुच्छ. पाहणाऱ्याची नजर हे सगळे ओलांडून ‘साडेआठ’वर जाऊन थांबते; तिला दुसरे काही सुचतच नाही. गुरुजींच्या कानाला मात्र असे ओलांडता येत नाही. त्यांना आधी पाच वेळा ‘फ्लॅग इंडिया’ ऐकू येते, मग शुभेच्छा, मग सहा वेळा ‘फोल्डेड हँड्स मीडियम डार्क स्किन टोन’. त्वचेची छटा ही मूळ इमोजीला जोडलेले वेगळे चिन्ह असल्यामुळे तिचेही नाव घेतले जाते आणि दोन शब्दांच्या नमस्काराचे सहा शब्द होतात. तिरंग्यांचे दहा शब्द, शुभेच्छांचे पाच, हातांचे छत्तीस असे एक्कावन्न शब्द झाल्यावर ‘उद्या’ हा शब्द येतो. साध्या वेगाने ऐकले तर यात वीसेक सेकंद जातात. सरावलेली माणसे आवाजाचा वेग बराच वाढवून ठेवतात, पण वेग वाढल्याने नमस्कार सहाचे पाच होत नाहीत.

कंटाळून गुरुजींनी बोटाने पुढे सरकवले तर काय, असा प्रश्न येईल. काळजी नसावी. पूर्ण संदेश स्क्रीन रीडरच्या लेखी एकच घटक असतो, त्यामुळे पुढे सरकले की थेट पुढचा संदेश लागतो आणि ध्वजारोहणाची वेळ मागेच राहते. परत फिरले की वाचन पुन्हा पहिल्या तिरंग्यापासून सुरू होते. वाचनाचे माप बदलून एकेक शब्द चालत जाण्याची सोय त्यात आहे, हे खरे. पण त्या वाटेवरही हात जोडून सहाजण उभे असतातच. साडेआठ की साडेनऊ एवढीच खात्री करायची असली तरी सगळी मानवंदना पुन्हा स्वीकारावी लागते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही स्क्रीन रीडर सलग आलेले एकच इमोजी मोजतात आणि नाव दहादा घेण्याऐवजी ‘दहा’ असे सांगून मोकळे होतात. आपले श्रम असे वाया जाऊ नयेत म्हणून एक तिरंगा, एक गुलाब, पुन्हा एक तिरंगा, पुन्हा एक गुलाब अशी आलटून पालटून रचना करावी. ग्रुपच्या नावातही दोन्ही बाजूंना झेंडे लावावेत, कारण सूचना वाचली जाताना आधी ग्रुपचे नाव येते. मग कोणी नुसते ‘हो’ लिहिले तरी झेंड्यांची मिरवणूक पुढे चालते.

दुःखाच्या प्रसंगी तर विशेष उदार असावे. आपल्याकडे कोणाच्या निधनाची बातमी आली की काहीजण डोळ्यांतून पाणी वाहणारा तो गोल चेहरा चार-पाच वेळा टाकतात. चष्मा घरी राहिलेल्या माणसाला तो रडताना दिसतो आणि पाठवणाऱ्याच्या मनात खरोखर दुःखच असते. स्क्रीन रीडर मन पाहत नाही; तो ‘फेस विथ टिअर्स ऑफ जॉय’ असे स्वच्छ, एकसुरी आवाजात वाचतो. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या पाठोपाठ पाच वेळा आनंदाश्रू ऐकण्याचा योग केवळ दृष्टिहीनांच्याच वाट्याला येतो.

टँकरवाल्याचा किंवा मंडपवाल्याचा मोबाइल नंबर द्यायचा असेल, तर तो चौकटीतल्या रंगीत आकड्यांनी लिहावा. दिसायला तो देखणा असतो. ऐकताना प्रत्येक आकड्याआधी ‘कीकॅप’ हा शब्द लागतो, म्हणजे दहा आकड्यांना दहा कीकॅप, आणि फोन त्याला नंबर म्हणून ओळखत नसल्यामुळे त्यावर बोट ठेवून कॉल लावता येईल याची शाश्वती राहत नाही.

‘मग त्यांनी इमोजी वाचणेच बंद करून ठेवावे’ असे सुचवणारा एक हुशार सदस्य प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. संगणकावरच्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये तशी सोय आहेही. पण ती वापरली की बैठकीला येता का, या प्रश्नावर कोणी नुसता अंगठा पाठवला तर गुरुजींना उत्तराच्या जागी शांतता ऐकू येते आणि कोण येणार, कोण नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. इमोजी त्यांनाही हवे असतात; त्यांनाही थट्टा कळते आणि करता येते. मजकूर आधी लिहून शेवटी एक इमोजी ठेवले तर वेळही समजते आणि भावही पोहोचतो. हा प्रकार इतका सोपा आहे की त्यात आपल्या पुढारपणाला वाव राहत नाही, म्हणून तो टाळलेला बरा.

आणि एखाद्या दिवशी गुरुजींनीच ग्रुपवर लिहिले की ‘बाबांनो, इमोजी जरा कमी टाका, ऐकताना त्रास होतो’, तर त्यांचा मान राखून तत्काळ माफी मागावी. आधी दहा जोडलेले हात, मधे ‘क्षमस्व गुरुजी, यापुढे काळजी घेऊ’, आणि मागे पुन्हा दहा.