१०० टक्के रिपोर्ट आले, मग?

"वॉर्डातल्या पाचही केंद्रांचे मासिक रिपोर्ट वेळेत, १०० टक्के! एका केंद्रात तर पेंटा-३ पेंटा-१ पेक्षा जास्त, म्हणजे एकही बाळ सुटलं नाही. सिस्टीमनेही अडवलं नाही, डेटा पक्का."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनींनी टाकला, वर टाळ्यांच्या तीन इमोजी. वहिनी त्याच केंद्रात आरोग्यसेविका आहेत, म्हणून लिहायला बसलो. पेंटा म्हणजे बाळांना देतात ती पाच आजारांवरची एकत्र लस, पुढचा आकडा कितवा डोस ते सांगतो.

१०० टक्क्यांचं आधी उरकतो. तिथे फॉर्म मोजलेत, फॉर्मातले रकाने नाहीत. अर्धे रकाने कोरे ठेवून पाठवला तरी तो 'आला'च. आणि कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. लस दिलीच नाही की लिहायची राहिली, हे त्यावरून कळत नाही.

आता त्या पेंटा-३ कडे येऊ. पेंटाचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. पहिला घेतलेल्यांतलीच बाळं तिसऱ्याला येणार, मग तिसरा आकडा मोठा कसा? केंद्राचा पेंटा-१ होता ५०, पेंटा-३ होता ६४. गळती, म्हणजे पहिला डोस घेऊन तिसऱ्याला न आलेल्यांचं प्रमाण, काढली तर उणे २८ टक्के! उणे गळती ही शाबासकी नाही, रजिस्टर उघडायची सूचना आहे.

एक मान्य करतो. मुंबईत बाळंतपणाला माहेरी जातात, पहिला डोस गावीच होतो आणि तिसऱ्यापर्यंत बाळ चाळीत परत येतं. एका महिन्यात, एका केंद्रात असं होऊ शकतं. पण मग रजिस्टरात तिसऱ्या डोसच्या ६४ नोंदी सापडायला हव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेची डेटा तपासणीची पद्धत नेमकी हीच: मूळ नोंदी पुन्हा मोजा आणि त्याला कळवलेल्या आकड्याने भागा. उत्तर १ च्या आसपास हवं, साधारण १० टक्के इकडेतिकडे चालतं.

वहिनींना मोजायला लावलं. लसीकरणाच्या चार सत्रांच्या टॅली शीटवर प्रत्येक तिसऱ्या डोसला एक, अशा रेघा: १२, ११, १३, १०. बेरीज ४६, रजिस्टरातही ४६. ४६ भागिले ६४ म्हणजे ०.७२.

नुकसान इथे आहे. बाकीच्या चार केंद्रांत मिळून पेंटा-१ २०० आणि पेंटा-३ १८०. चुकीच्या ६४ मुळे वॉर्डाची गळती दिसते २.४ टक्के, खरी आहे ९.६. वॉर्डात तिसऱ्या डोसला २४ कमी आणि कागदावर फक्त ६. त्या बाकी १८ घरांची कडी कोण वाजवणार?

सिस्टीमने अडवलं नाही, कारण तिला रजिस्टर दिसत नाही. पेंटा-१ जर ७० असता, तर हाच ६४ मलासुद्धा खटकला नसता.

रात्री वहिनींचा फोन आला. हाती भरलेल्या फॉर्मवर ४६ च आहे, टाइप करताना उलटं झालं. टाळ्या त्यांनी काढल्यात, मेसेज मात्र अजून फिरतोय.