डब पाहिलेली मी-न्यो आणि सबटायटल्समधली मी-न्यो

‘स्क्विड गेम’ ही नेटफ्लिक्सवरची कोरियन मालिका, कर्जबाजारी माणसं पैशांसाठी जिवावरचे खेळ खेळतात तिची. तिचा पहिला सीझन २०२१च्या सप्टेंबरात आला. तेव्हापासून एक गोष्ट मला सारखी जाणवते. तो इंग्रजी डबमध्ये पाहिलेली माणसं त्यातल्या हान मी-न्योबद्दल बोलतात तेव्हा ती एक बाई असते आणि सबटायटल्स लावून पाहिलेली माणसं बोलतात तेव्हा दुसरीच. (पुढे कथेतलं बरंच काही उघड होणार आहे. मालिका पाहिली नसेल तर इथेच थांबा.)

मी-न्यो म्हणजे २१२ नंबरची खेळाडू. आरडाओरडा करणारी, गुंड डोक-सूच्या गळ्यात पडणारी, बाथरूममध्ये सिगारेट ओढणारी. डबवाल्यांचं मत बहुतेक ‘डोक्यात जाते ती बाई’ इथे संपतं. सबटायटलवाल्यांनाही ती डोक्यात जाते, पण ते लगेच ‘बिचारी’ असंही म्हणतात. हा फरक बघणाऱ्यांच्या स्वभावातून येतो असं मला वाटत नाही. दोघांच्या हाती खरोखरच वेगवेगळा माल पडलाय.

एकच वाक्य घेऊ. खेळासाठी आपल्याला कुणीतरी सोबत घ्यावं म्हणून मी-न्यो स्वतःची जाहिरात करत फिरते. तेव्हा कोरियनमध्ये ती जे म्हणते ते आपल्या भाषेत साधारण असं होईल: “मी शिकले नाही एवढंच, बाकी डोकं माझं असलं चालतं ना!” इंग्रजी डबच्या संहितेत त्याचं झालं, ‘मी काही जीनियस नाही, तरी जमवलंच की’ अशा अर्थाचं वाक्य. आणि इंग्रजी सबटायटलमध्ये, ‘शिकायच्या भानगडीत मी पडले नाही, पण मी भयंकर हुशार आहे.’

यूंगमी मेयर नावाच्या कोरियन येणाऱ्या अमेरिकन विनोदी कलाकार आहेत. मालिका आली त्याच सुमाराला त्यांनी नेमकं हेच वाक्य धरून सोशल मीडियावर तक्रार केली आणि ती खूप पसरली. त्यांचं म्हणणं होतं की मूळ भाव ‘मी हुशार आहे, मला फक्त शिकायची संधी मिळाली नाही’ असा आहे. गरीब पण तल्लख माणूस ही कोरियन कथांमधली ओळखीची व्यक्तिरेखा, आणि डबच्या वाक्यातून तीच नाहीशी झाली.

तक्रार पटतेच. मला मात्र एक पाऊल पुढे जावंसं वाटतं. मूळ वाक्यात ‘संधी मिळाली नाही’ असंही नाही आणि ‘भानगडीत पडले नाही’ असंही नाही. आहे ते नुसतं ‘शिकले नाही’. का शिकली नाही, ते तिनं सांगितलेलंच नाही. परिस्थिती, आळस की घरचे, ते आपण तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. सबटायटल लिहिणाऱ्यानं तिला बेफिकीर ठरवलं. मेयर यांनी तिला वंचित ठरवलं. डबनं तर हुशारीचा दावाच काढून घेतला आणि उलट ‘मी जीनियस नाही’ अशी कबुली तिच्या तोंडी घातली. तिच्याजवळ विकण्यासारखी एकच गोष्ट होती, डोकं, आणि डबमध्ये ती स्वतःच सांगते की तेही फारसं नाही. मग पुढच्या प्रत्येक प्रसंगात तिची धूर्त चाल ही चाल न वाटता नुसता चिवट कांगावा वाटू लागते.

असं का होतं, हे कळायला डबिंगची संहिता कशी तयार होते ते बघायला हवं. आधी सरळ भाषांतर होतं. मग ते रूपांतरकाराकडे जातं आणि त्याचं पहिलं काम असतं वाक्य तोंडात बसवणं. पात्राचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्याच वेळात वाक्य सुरू होऊन संपलं पाहिजे. मध्ये श्वासासाठी थांबलं असेल तिथेच थांबलं पाहिजे. क्लोजअप असेल तर प, ब, म यांसारख्या ओठ मिटणाऱ्या अक्षरांचाही मेळ बसवावा लागतो, कारण पडद्यावर ओठ मिटलेले असताना ‘आ’ ऐकू आला की प्रेक्षकाला खटकतं. मी-न्यो बोलते भराभर. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच, आणि इंग्रजीत आधी, म्हणजे जोर देऊन मान उडवण्याची जागाही सरकते. एवढं सगळं सांभाळताना अर्थाचा एखादा कोपरा तुटतो. तो तोडणारा माणूस बेपर्वा असतो असं नाही. त्याला ओठ सांभाळायचेत.

सबटायटलवर ओठांचं बंधन नाही, तिथे डोळ्यांचं आहे. इंग्रजीत एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि एक सबटायटल पडद्यावर फार तर सात सेकंद. लोक बोलतात वेगानं आणि वाचतात त्याहून सावकाश, म्हणून काहीतरी गाळावंच लागतं. आधी जातात त्या शिव्या, पुनरुक्ती, ‘अगं’, ‘ए’, ‘बघ ना’ असली शेपटं. मी-न्योसारख्या बाईचं अर्धं व्यक्तिमत्त्व त्या शेपटांतच असतं. म्हणजे सबटायटल शुद्ध आणि डब भेसळ, हा जो सरसकट समज आहे तो मला मान्य नाही. दोन्ही कापलेलेच आहेत, फक्त कात्री वेगळी.

तरी सबटायटलवाल्यांकडे एक गोष्ट राहते जी डबवाल्यांकडे नाही. मी-न्यो साकारणाऱ्या किम जू-र्योंग यांचा आवाज.

पहिल्या खेळात माणसं पटापट मारली गेल्यावर मी-न्यो गयावया करते. तान्हं बाळ आहे, अजून त्याची जन्मनोंदणीसुद्धा केलेली नाही, मला सोडा. हे खरं आहे का? मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. किम जू-र्योंग यांनी ते असं म्हटलंय की रडणं खरं वाटतं आणि त्याच रडण्यात एक सराईतपणाही ऐकू येतो, अशीच विनवणी या बाईनं आधी दहा ठिकाणी केली असावी असा. कोरियन एक अक्षर न कळताही हे कानाला कळतं, कारण ते शब्दांत नाहीच. ते श्वासात आहे, स्वर अचानक वर चढण्यात आहे, रडता रडता मध्येच थांबून समोरच्यावर परिणाम झाला का हे बघण्यात आहे.

डबिंगमध्ये मूळ आवाज पूर्ण जातो. संगीत आणि इतर ध्वनींचा पट्टा तेवढा राहतो, आणि बोलणं, हुंदके, धाप, किंकाळी सगळं नवा कलाकार स्टुडिओत पुन्हा देतो. बहुतेकदा एकटा, समोर पडदा, कानात मूळ आवाज, एकेक तुकडा. समोर डोक-सू नाही, जमिनीवर रक्त नाही. आणि या कलाकाराला ठरवावंच लागतं: बाळ खरं की खोटं? काहीही न ठरवता कुणालाच रडता येत नाही. त्यानं ‘खोटं’ ठरवलं तर प्रेक्षकाला तिथेच उत्तर मिळालं, ‘खरं’ ठरवलं तरीही मिळालं. मूळ अभिनेत्रीनंही मनात काहीतरी ठरवलं असेलच, पण तिनं ते दाखवायचं किती आणि लपवायचं किती हे दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांच्याबरोबर, सेटवर, शरीरानिशी ठरवलं. डब कलाकाराला शरीर आयतं मिळतं, त्याला फक्त आवाज जोडायचा असतो. कितीही तयारीचा कलाकार असला तरी हे काम अवघडच आहे, आणि चांगलं डबिंग ऐकलं की मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

सबटायटलचा एक तोटा मात्र फारसा कुणी बोलून दाखवत नाही. वाक्य अख्खं एकदम पडद्यावर येतं. पात्र अडखळतंय, शब्द शोधतंय, आणि आपण शेवट वाचून मोकळे. चो सांग-वू या दुसऱ्या खेळाडूच्या बाबतीत हे फार होतं. सोल विद्यापीठात शिकलेला, प्रत्येक वाक्य तोलून बोलणारा माणूस. तो थांबतो त्या जागी त्याच्या मनात काहीतरी चाललेलं असतं. वाचणाऱ्याला तो मूळापेक्षा थंड आणि ठाम वाटतो, कारण वाचणाऱ्यापुरता निर्णय आधीच झालेला असतो. इथे डब जास्त प्रामाणिक ठरतो. तिथे शब्द थांबतो तेव्हा आपल्यालाही थांबावंच लागतं.

सांग-वूचा विषय निघालाच आहे तर अलीबद्दलही लिहिते. पाकिस्तानातून आलेला कामगार अली अब्दुल, म्हणजे अनुपम त्रिपाठी. तो सांग-वूला आधी ‘साजांगनिम’ म्हणतो, मालकाला किंवा साहेबाला म्हणतात तसं. सांग-वू त्याला सांगतो, मला ‘ह्योंग’ म्हण. ह्योंग म्हणजे पुरुषानं थोरल्या भावाला मारायची हाक. आपल्याकडे ‘दादा’ आहे. साहेबाचा दादा झाला की काय काय बदलतं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी सबटायटलमध्ये ‘सर’चं झालं ‘सांग-वू’. आता नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे बरोबरीची मैत्री. थोरल्या भावावर टाकलेला भरवसा त्यात येत नाही. पुढे गोट्यांच्या खेळात सांग-वू त्याच्या पिशवीतल्या गोट्या काढून खडे भरतो आणि अली बराच वेळ ‘ह्योंग, ह्योंग’ करत त्याला शोधत राहतो. सबटायटल तिथे नाव दाखवतं, पण कान ह्योंग ऐकतो, आणि ज्याला त्या हाकेचा अर्थ ठाऊक आहे त्याच्या पोटात गोळा येतो. इंग्रजी डबमध्ये ती हाक कानावर पडायचा प्रश्नच नाही. अली तिथे भोळा वाटतो. मुळात तो भोळा नाही. नातं दिलं गेलं म्हणून त्यानं विश्वास ठेवला. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि अलीला ‘बावळट’ म्हणणाऱ्या पोस्ट वाचल्या की मला खरंच वाईट वाटतं.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी बऱ्याच वादांच्या मुळाशी आहे. ‘मी सबटायटल्सच वाचली, तरी मला मी-न्यो तशीच वाटली’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कोणती? ही मालिका आली तेव्हा नेटफ्लिक्सच्या यादीत दोन इंग्रजी पर्याय होते, `English` आणि `English [CC]`. दुसरा पर्याय कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा. त्यातला मजकूर डबच्या संहितेवरून घेतलेला होता, म्हणजे ओठांसाठी कापलेली वाक्यं. मेयर यांनीही आधी याच पर्यायावर टीका केली होती, आणि साधी सबटायटल्स बरीच बरी आहेत, तरी मूळ गोष्ट त्यांतही निसटते, असं नंतर सांगितलं. मूळ कोरियन आवाजाखाली `[CC]` लावून पाहिलं की कानाला किम जू-र्योंग आणि डोळ्याला डबची मी-न्यो, अशी खिचडी होते. ओळखायला सोपं आहे. दार आपटल्याच्या, कुणी उसासा टाकल्याच्या नोंदी पडद्यावर येत असतील तर तो हाच पर्याय. खात्री हवी असेल तर आवाज इंग्रजी करा. खालची अक्षरं आणि ऐकू येणारं वाक्य शब्दाला शब्द जुळलं, तर तुम्ही डबच वाचत होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्यांदा मूळ आवाज आणि साधी सबटायटल्स. ज्यांना वाचायचा कंटाळा येतो किंवा ज्यांना वाचता येत नाही त्यांनी डब खुशाल पाहावा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त काचेच्या पुलावर मी-न्यो डोक-सूला मिठी मारून त्याच्यासकट खाली झोकून देते तो प्रसंग तेवढा मूळ आवाजात एकदा ऐका, आणि ती ‘जीनियस नाही’ हे वाक्य तेव्हा मनात येतं का ते मला कमेंटमध्ये सांगा.