चढावरचा असहकार

इलेक्ट्रिक सायकलची मोटार सपाट रस्त्यावर सहसा बंद पडत नाही. तिथे तिची गरज नसते ना! वारा पाठीशी, रस्ता मोकळा, पायांत दम, अशा वेळी ती इतकी उत्साहाने ढकलते की आपल्यालाच संकोच वाटावा. बंद पडायचं ते चढावर. तेही पायथ्याशी नाही, कारण तिथून निदान तोंड फिरवून परत जाता येतं. माझी मोटार बरोबर मध्यावर मान टाकायची, जिथून वर जायला बळ नसतं आणि खाली जायला लाज वाटते.

मग वीस-बावीस किलोचं धूड ढकलत वर न्यायचं. मागून साधी, बिनमोटारीची सायकल हाणत कोणीतरी शाळकरी पोरगं येतं आणि जाता जाता विचारतं, "काका, चार्ज संपला का?" चार्ज संपला असता तर मी काही बोललो नसतो. पण डिस्प्लेवर तीन काड्या ठणठणीत उभ्या! थांबून घाम पुसावा, पुन्हा पॅडल मारावं, की मोटार गुणगुणत हजर. वीस-तीस पावलं जाते, पुन्हा गप्प.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बायको म्हणाली, "तुमचं वजन वाढलंय, ते तिला कळतंय." शेजारच्या काकांनी बॅटरीवर हात ठेवून डोळे मिटले आणि नाडी लागत नसल्याचं जाहीर केलं. दुरुस्तीवाल्याने तर सायकलकडे न बघताच निकाल दिला, "बॅटरी गेली, नवी टाका." बॅटरी हा सायकलचा सगळ्यात महागडा भाग असतो, त्यामुळे हे निदान सांगणाऱ्याला नेहमीच फार लवकर सुचतं.

माझं मत असं की या दुखण्यात पहिला प्रश्न एकच विचारायचा. मोटार थांबते तेव्हा डिस्प्लेही विझतो, की तो चालूच राहतो? डिस्प्लेसकट सगळं काळंठिक्कर पडलं, तर वीजच तुटलेली असते. बॅटरी तिच्या खोबणीत हलत असेल, मुख्य तार सुटत असेल, किंवा बॅटरीच्या पोटातल्या रक्षक सर्किटने दार लावून घेतलं असेल. डिस्प्ले हसतमुख आणि मोटार मात्र मेलेली असेल, तर वीज पोहोचते आहे. मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरनेच काहीतरी पाहून तिला 'बस' म्हटलेलं असतं. माझा डिस्प्ले हसतमुख होता.

आता त्या काड्यांबद्दल. काड्या म्हणजे बॅटरीत उरलेली वीज नव्हे, निदान माझ्यासारख्या साध्या डिस्प्लेवर तरी नव्हे. तो फक्त व्होल्टेज बघतो आणि त्यावरून अंदाज ठोकतो. त्याच डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये शिरलं तर काड्यांऐवजी थेट व्होल्टचा आकडा लावता येतो. तो लावला आणि नाटक उलगडलं. 36 व्होल्टची म्हणवणारी बॅटरी म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले सेलचे दहा गट. पूर्ण भरली की 42 व्होल्ट, आणि 31च्या आसपास कंट्रोलर मोटार बंद करतो, कारण त्याखाली सेलना इजा व्हायची भीती. चढाच्या पायथ्याशी आकडा होता 38. चढायला लागलो तसा 35, 34, 33... खाली बघत बघत पॅडल मारतोय आणि आकडा लिफ्टसारखा उतरतोय. 31 आले, मोटार गेली. पाय थांबवले, आकडा झपाझप चढून पुन्हा 38च्या जवळ. म्हणजे दर वेळी मी थांबून काड्या मोजायचो, तेव्हा बॅटरी साळसूद चेहरा करून बसलेली असायची.

यात बॅटरी लबाडी करत नाही. प्रत्येक बॅटरीला आतून थोडा रोध असतो. मोटारीने जितका जास्त करंट ओढला, तितके व्होल्ट त्या रोधातच खर्ची पडतात. सपाटीवर मोटार चार-पाच अँपिअरवर भागवते, चढावर माझा कंट्रोलर 15 पर्यंत ओढतो. बॅटरी जुनी असली किंवा थंडी असली की रोध वाढतो आणि ही घसरण आणखी खोल जाते.

इथवर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरंच वाटत होतं. पण हिशेब केला तर 15 अँपिअरला 7 व्होल्ट गायब, म्हणजे वाटेत जवळजवळ अर्धा ओहम रोध. बरी बॅटरी याच्या निम्म्याहूनही कमी खाते, आणि माझी काही इतकी जख्ख झालेली नव्हती. शिवाय डिस्प्ले आकडा वाचतो तो कंट्रोलरपाशी. बॅटरीपासून तिथवर येताना तार आहे, खोबणीतल्या पट्ट्या आहेत आणि एक पिवळा कनेक्टर आहे. गळती यातल्या कुठेही असू शकत होती.

ती शोधायची रीत सोपी आहे, फक्त ती करताना माणूस वेडा दिसतो. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावायचा. एक टोक कनेक्टरच्या अलीकडे लाल तारेला, दुसरं त्याच लाल तारेला कनेक्टरच्या पलीकडे. लाल आणि काळी अशी जोडी इथे करायचीच नाही. कनेक्टर धडधाकट असेल तर दोन्ही टोकांना व्होल्टेज जवळजवळ सारखंच, म्हणून मीटरवर शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. पण हे उभ्या सायकलवर बघून उपयोग नाही. करंटच वाहत नसेल तर कुजका कनेक्टरही साधूसारखा शून्य दाखवतो. म्हणून मीटर चिकटपट्टीने हँडलला बांधला, तारा फ्रेमवरून नेल्या, आणि भाच्याला सोबत घेऊन चढावर गेलो.

"मामा, रस्त्याकडे बघ, आकडे मी बघतो," असं म्हणून तो शेजारून पळायला लागला. पायथ्याशी तो ओरडला, "झिरो पॉइंट पाच!" थोडं वर, "एक!" मग त्याचा आवाज फुटेना, धाप लागली होती, म्हणून त्याने दोन बोटं वर केली. दोन व्होल्ट. मोटार बंद. समोरून येणाऱ्या आजोबांना वाटलं पोरगं विजयाची खूण करतंय. त्यांनीही हसून दोन बोटं दाखवली.

दोन व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतात. पण दोन व्होल्ट गुणिले 15 अँपिअर म्हणजे 30 वॅट. छोटी सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे दर चढावर मी माझ्याच मांड्यांच्या मध्ये एक पेटती सोल्डरिंग इस्त्री घेऊन फिरत होतो! मोटार चढाच्या मध्यावरच का जाते, तेही इथे कळलं. सांधा तापतो, तापला की आतल्या पिनची पकड ढिली पडते, ढिली पडली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. हे चक्र गरगरायला मिनिटभर लागतं, आणि तेवढ्यात मी मध्यावर पोचलेला असतो.

बॅटरी खोबणीतून काढून बाजूला ठेवली आणि कनेक्टर उघडला. काळ्या तारेच्या बाजूचं प्लास्टिक लख्ख पिवळं. लाल बाजूला चहात बुडवल्यासारखा तपकिरी डाग, तारेवरचं रबर आक्रसून मागे सरकलेलं आणि आतला सोनेरी पिन काळवंडून खरबरीत झालेला. चांगला कनेक्टर सोडवताना दोन्ही हातांनी ओढावं लागतं, हा नुसतं बोट लावताच हातात आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तशातली गत. सगळं गाव बॅटरीकडे बोट दाखवत होतं आणि जळत होता हा.

अशा वेळी एकच बाजू बदलायचा मोह होतो. तो टाळावा. तापलेला जुना अर्धा भाग नव्या अर्ध्यालाही पकड देत नाही, त्यामुळे नर-मादी दोन्ही बदलायचे. डाग देताना तारेत कथील नीट मुरलं पाहिजे. वरवर चिकटलेला गोळा म्हणजे पुढच्या दुखण्याची पायाभरणी. हे सगळं झाल्यावर चढावर आकडा 33च्या खाली गेला नाही. मोटार टिकली. अर्थात बॅटरीची स्वतःची घसरण आहे तशीच आहे. म्हणून चार्ज निम्म्यावर आला की मी चढाला असिस्ट, म्हणजे मोटारीच्या मदतीची पातळी, पाचवरून दोनवर आणतो. ऐन गरजेच्या वेळी कमी मागायचं हे मनाला पटत नाही, पण कमी मागितलं की करंट कमी, करंट कमी की व्होल्ट टिकतात, आणि थोडं का होईना मिळत राहतं.

आनंदात असतानाच मोटार पुन्हा गेली. या वेळी आकडा 35 होता, म्हणजे व्होल्टेजचा काही संबंध नाही. ती पूर्ण जातही नव्हती, उचकी लागल्यासारखी जात-येत होती. सायकलला अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आहे, तो दाबला तर मोटार छान ओढते. सोडून नुसतं पॅडल मारलं की उचकी. थ्रॉटल चालतो म्हणजे वीज, कंट्रोलर, मोटार सगळे निर्दोष, आणि ब्रेक लिव्हरमधला मोटार तोडणारा स्विचही अडकलेला नाही. तो अडकला असता तर थ्रॉटलही गेला असता. उरला एकच, पॅडलचा सेन्सर.

हा सेन्सर फार भोळा प्राणी आहे. पॅडलच्या दांड्यावर चुंबकं बसवलेली एक चकती असते आणि शेजारी फ्रेमवर छोटा हॉल सेन्सर. चुंबक समोरून गेलं की एक ठोका. माझ्या चकतीवर बारा चुंबकं आहेत. मिनिटाला साठ फेरे मारले तर सेकंदाला बारा ठोके. चढावर जड गिअरमध्ये मी कुंथत वीस फेऱ्यांवर येतो, तेव्हा चारच. त्यात चकती जराशी वाकलेली. ती सेन्सरपासून लांब गेली की एखाद-दुसरं चुंबक नजरेतून निसटायचं आणि ठोक्यांत मोठी फट पडायची. कंट्रोलर समजायचा, साहेबांनी पाय थांबवले. मी इकडे जिवाच्या आकांताने पॅडल मारतोय, आणि हा मला विश्रांती देतोय! चकती सरळ करून सेन्सर दोन-तीन मिलिमीटरवर आणला, चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायला लागलो, आणि उचकी थांबली.

हे सगळं बघून शेजारच्या काकांनीही इलेक्ट्रिक सायकल घेतली. परवा संध्याकाळी दारात उभे, सायकल हातात, सदरा घामाने चिकटलेला.

"चढावर बंद पडते हो," ते म्हणाले.

"डिस्प्ले विझतो की चालू राहतो, काका?"

"ते कसं सांगणार? चढ लागला की मी डोळे मिटूनच पॅडल मारतो."