न्यूटनची पद्धत १.१ पाशी अडखळते

«ग्रेडियंट डिसेंट म्हणजे अंधारात चाचपडणं. न्यूटनची पद्धत दुसरं डेरिव्हेटिव्हही वापरते, त्यामुळे स्टेप साइझ ठरवावी लागत नाही. फंक्शन कॉन्व्हेक्स असेल तर चार-पाच फेऱ्यांत मिनिमम सापडतोच. तरी लोक सवयीने ग्रेडियंट डिसेंटलाच चिकटून बसतात.»

या दाव्यातल्या ‘सापडतोच’ मधला ‘च’ आधी बघू. त्यासाठी फार अवघड फंक्शन लागत नाही.

```
f(x)   = sqrt(1 + x^2)
f'(x)  = x / (1 + x^2)^(1/2)
f''(x) = 1 / (1 + x^2)^(3/2)
```

दुसरं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे धन आहे, म्हणजे फंक्शन पक्कं कॉन्व्हेक्स, वाटीसारखं वर वळलेलं. मिनिमम एकच, शून्यावर. आता न्यूटनची पायरी म्हणजे `x - f'/f''`. भागाकार करून पाहिलात तर सगळं आटोपून उरतं फक्त `-x^3`. म्हणजे प्रत्येक फेरीत आधीच्या आकड्याचा घन करायचा आणि चिन्ह उलटवायचं.

०.५ पासून निघा: -०.१२५, मग ०.००२ च्या आसपास, आणि तिसऱ्या फेरीत आठव्या दशांश स्थळापर्यंत शून्य. दावा करणाऱ्यांनी बहुधा असंच काहीतरी पाहिलेलं असतं. आता १.१ पासून निघा: -१.३३, २.३६, -१३.१, २२५३. पुढचा आकडा हजार कोटींच्या वर जातो. आणि बरोबर १ पासून सुरुवात केलीत तर १, -१, १, -१ असा झोका कायम चालू.

असं का होतं? न्यूटन प्रत्येक ठिकाणी फंक्शनऐवजी एक पॅराबोला धरतो, ज्याचा उतार आणि वक्रता, म्हणजे पहिलं आणि दुसरं डेरिव्हेटिव्ह, त्या बिंदूपाशी फंक्शनइतकीच असते, आणि थेट त्या पॅराबोलाच्या तळाशी उडी घेतो. १.१ पाशी उतार ०.७४ आहे, पण वक्रता जेमतेम ०.३०. भागाकार येतो २.४३, आणि मिनिमम तर १.१ एवढ्याच अंतरावर होता! मध्यापासून दूर हे फंक्शन जवळजवळ सरळ रेषा होत जातं, वक्रता झपाट्याने संपते, आणि लहान आकड्याने भागलं की उडी भलतीच लांब पडते.

ग्रेडियंट डिसेंट दर फेरीला उतार गुणिले स्टेप साइझ एवढंच उताराच्या उलट दिशेला सरकतो. त्याच १.१ पासून तो, स्टेप साइझ १ ठेवून: ०.३६, ०.०२१, ०.०००००५. (खरं सांगायचं तर ही १ माझी सोयीची निवड आहे. या फंक्शनची वक्रता कुठेच १ च्या वर जात नाही, म्हणून ती चालते.)

यावरून स्टेप साइझचंही उत्तर मिळतं. न्यूटनलाही ती ठरवावीच लागते. पूर्ण उडीनंतर फंक्शनची किंमत १.४९ वरून १.६६ झाली, म्हणजे उडी फसली. अशा वेळी उडी निम्मी करायची. १.१ वरून आपण -०.११५५ वर येतो, किंमत १.००७ होते, आणि पुढच्याच पूर्ण पायरीत ०.००१५. म्हणून प्रत्येक फेरीला किंमत खरंच कमी झाली का, हे तपासणारी ओळ कोडमध्ये हवीच.

फंक्शन कॉन्व्हेक्स नसेल तर गोष्ट आणखी बिघडते. `x^4 - 2x^2` चे मिनिमम १ आणि -१ वर आहेत, मधे शून्यावर टेकडी. ०.३ पासून न्यूटन -०.०७४ वर जातो, मग ०.०००८ वर. म्हणजे टेकडीच्या माथ्यावर, अगदी वेगाने! न्यूटन फक्त उतार शून्य असलेली जागा शोधतो. ती खड्डा आहे की माथा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वक्रता ऋण दिसली की पायरी बदलायची, हे आपणच सांगावं लागतं.

‘सवयीने’ हा शब्द मात्र मला खटकला. n चलं असतील तर दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या जागी हेसियन मॅट्रिक्स येतं, n × n चं. दहा हजार चलं म्हणजे दहा कोटी आकडे. प्रत्येकी ८ बाइट धरले तर सुमारे ८०० एमबी, आणि प्रत्येक फेरीला दहा हजार समीकरणं एकत्र सोडवायची. दहा लाख चलांना ८ टीबी. ग्रेडियंटला तिथे फक्त ८ एमबी लागतात.

दाव्यातलं चाचपडणं मात्र खरं आहे, पण एका विशिष्ट जागी: लांबट, अरुंद दरीत. `(x^2 + 100y^2)/2` घ्या. y च्या दिशेला वक्रता १००, म्हणून स्टेप साइझ ०.०२ च्या खालीच ठेवावी लागते, नाहीतर y उसळतो. ०.०१ ठेवली तर y एका पायरीत शून्य होतो, पण x दर फेरीला फक्त एक टक्का घटतो. तो हजारांश व्हायला ६८८ फेऱ्या जातात. न्यूटन इथे एका उडीत तळाशी पोहोचतो, कारण हे फंक्शन स्वतःच पॅराबोला आहे. दोनशे-तीनशे चलं आणि अशी दरी असेल तर मीही न्यूटनच घेतो, उडी निम्मी करणाऱ्या त्या ओळीसकट.