लेबलांवर पिनकोडच्या जागी शून्य का येतो: एका रिव्ह्यूला उत्तर

रिव्ह्यू (२ स्टार): "लग्नाच्या पत्रिकांसाठी पत्त्याची लेबलं करायला दिली. एक्सेलची यादी आम्हीच तयार करून दिली होती, फक्त प्रिंट मारायचं काम. तरी दुसऱ्या दिवसावर ढकललं, घर नंबर परत विचारले आणि यादी दुरुस्तीचे वेगळे पैसे लावले. त्यांच्याच पीडीएफवरून राहिलेली लेबलं घरी छापली तर वरची आणि खालची नावं सरकली, शीट वाया."

दुकानाकडून उत्तर:

नमस्कार ताई. घरात लग्नकार्य, पत्रिका वाटायची घाई, त्यात थांबावं लागलं की जीव वैतागतोच. पण त्या संध्याकाळी आम्ही प्रिंट का थांबवली, हे तुम्हाला आणि पुढे यादी घेऊन येणाऱ्या सगळ्यांना नीट कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

स्टिकर शीट लावायच्या आधी आम्ही संपूर्ण यादी साध्या कागदावर काढतो. तुमच्या यादीची पहिली दोन पानं स्वच्छ आली. पुढे खानापूर, निपाणीकडचे पत्ते सुरू झाले आणि पिनकोडच्या जागी कुठे `0`, कुठे काहीच नाही. एक्सेल उघडून पाहिलं तर पिनकोड जागच्या जागी होते.

कारण असं. मेल मर्जमध्ये वर्ड एक्सेलच्या एकेका ओळीतून नाव, पत्ता, पिनकोड उचलून एकेका स्टिकरवर ठेवतं. त्यासाठी फाइल जोडली जाते तेव्हा प्रत्येक कॉलमच्या वरच्या काही ओळी, साधारणपणे आठ, बघून तो कॉलम आकड्यांचा की मजकुराचा हे ठरवलं जातं. तुमच्या यादीत वरचे शहरातले पिनकोड `590006` असे सलग होते, म्हणजे आकडे. खालचे कुणीतरी `591 302` असे मध्ये जागा सोडून भरले होते. दिसायला तो पिनकोडच, पण एक्सेलच्या लेखी मजकूर. कॉलम आकड्यांचा ठरला की खालचा मजकूर धरला जात नाही, त्याच्या जागी शून्य येतो किंवा जागा मोकळी राहते. वाईट भाग हा की पहिली लेबलं बिनचूक येतात. `Preview Results` मध्ये चार नावं पाहून जो प्रिंट देतो, त्याला पत्रिका परत आल्यावरच कळतं.

आणि आपल्या सीमाभागात पिनकोड सोडून चालत नाही. हलकर्णी गडहिंग्लज तालुक्यातही आहे आणि चंदगड तालुक्यातही. तुमच्या यादीत "मु. पो. हलकर्णी" एवढंच लिहिलेला पत्ता होता. तिथे पत्रिका कुठल्या गावाला जाणार हे फक्त पिनकोडच सांगतो.

हे दुरुस्त करायला शेजारी नवीन कॉलम घेतो. पिनकोड `F` कॉलममध्ये असेल तर नव्या कॉलमच्या दुसऱ्या ओळीत असं लिहून खालपर्यंत ओढतो:

```
=SUBSTITUTE(F2," ","")
```

याने मधली जागा निघते आणि सगळेच पिनकोड मजकूर बनतात, मग वर्डचा गोंधळ होत नाही. फाइल सेव्ह करून लेबलवर जुन्याऐवजी हा कॉलम घ्यायचा. त्यानंतर `LEN` ने अक्षरं मोजतो. सहा भरली नाहीत तर तो पिनकोड मुळातच चुकीचा भरलेला आहे आणि तो आम्ही मनाने पुरा करत नाही.

इथवर आमच्या हातात होतं. घर नंबरचं मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय शक्यच नव्हतं. घर नंबर `12/4` टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. सेलमध्ये `12-Apr` दिसतं आणि आत चालू वर्षासकट पूर्ण तारीख साठते. `145/2` सारखा नंबर तसाच राहतो, कारण त्याची तारीख होत नाही. म्हणून एकाच कॉलममध्ये काही नंबर बरोबर आणि काही तारखा असा प्रकार होतो. वर्डमध्ये येताना तीच तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी आणि दिवस नंतर, वर्षासकट उतरते. म्हणजे लेबलवर १२/४ च्या जागी ४/१२ आणि पुढे वर्ष.

तुम्ही म्हणाल, उलट करून घ्यायचं. पण यादी घरातल्या वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर भरून एकत्र केलेली होती. ज्याच्या मशीनवर भारतीय तारीख आहे तिथे `12/4` म्हणजे १२ एप्रिल, ज्याच्याकडे अमेरिकी आहे तिथे ४ डिसेंबर. सेलकडे बघून मूळ नंबर १२/४ होता की ४/१२ हे कुणालाच सांगता येत नाही. अंदाजाने छापलं असतं तर पत्रिका गल्लीतल्या भलत्याच घरी गेली असती. म्हणून तेवढ्याच ओळी वेगळ्या काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. तुमचं उत्तर आलं आणि सकाळी लेबलं तयार झाली.

पुढच्या वेळी यादी भरायला घ्यायच्या आधी घर नंबर आणि पिनकोडचे कॉलम निवडून `Format Cells` मध्ये `Text` करा. भरून झाल्यावर केलंत तर उपयोग नाही, झालेली तारीख परत घर नंबर होत नाही. असं करून आणलेल्या यादीला दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. तुमच्या बिलात ते वेगळे दाखवले कारण काम वेगळं होतं. ओळ न् ओळ तपासावी लागली, आणि तो आकार योग्यच आहे असं माझं मत आहे.

आता घरी सरकलेल्या नावांबद्दल. पीडीएफ आमच्याकडे छापली तीच आहे. २४ स्टिकरच्या शीटवर आठ ओळी असतात, प्रत्येक ३४ मिलिमीटर उंच. प्रिंट देताना `Fit` निवडलेलं असेल तर पान थोडं आक्रसतं. समजा ९७ टक्के झालं, तर ओळीमागे एक मिलिमीटर कमी पडतो. पान मध्याकडे आक्रसतं, त्यामुळे मधल्या ओळी बरोबर दिसतात, वरची नावं खाली आणि खालची वर सरकतात, अगदी कडेला चार मिलिमीटरपर्यंत. तुम्ही लिहिलेली खूण हीच आहे. `Actual size` किंवा `100%` निवडा. सगळीच नावं एकाच दिशेला सारखी सरकली असती तर कागद प्रिंटरमध्ये नीट बसला नाही असं म्हटलं असतं.

आधी साध्या कागदावर काढा, तो स्टिकर शीटवर ठेवून उजेडाकडे धरा. नावं चौकटीत बसली तरच शीट लावा. आणि ज्या शीटवरचे काही स्टिकर आधीच काढलेत ती लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. उष्णतेने बाकीचे आत सुटून चिकटतात आणि मशीन बिघडतं.

राहिलेली नावं फोनवर पाठवलीत तरी चालेल. तुमची दुरुस्त केलेली फाइल आमच्याकडे आहे, तेवढी लेबलं फक्त शीटच्या किमतीत काढून देतो. दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं.