गूळ, ओला रुमाल आणि क्लियर एक्सरे

‘दगड, टाइल, ग्रॅनाइटचं काम करणाऱ्यांनी रोज जेवणानंतर गुळाचा खडा खा. फुफ्फुसातली सगळी धूळ बाहेर पडते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय! महागडे मास्क नकोत, ओला रुमाल पुरतो. वर्षाला एक एक्सरे काढा, क्लियर आला की बिनधास्त राहा. आपले पाथरवट आयुष्यभर दगड फोडत होते, त्यांना कुठे काय झालं? सगळ्या ग्रुपवर पाठवा.’

परवा हे माझ्या भाच्याने पाठवलं. धायरीकडच्या एका शेडमध्ये तो स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापतो. खाली स्वतःची ओळ जोडली होती: ‘मावशी, तू उगाच मास्कसाठी डोकं खातेस.’ भोसरीच्या फाउंड्रीत सेफ्टी सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली. मी मास्कसाठी त्याचं डोकं कधीच खाल्लं नव्हतं, मी पाण्यासाठी खात होते. ते पुढे येईलच.

पाथरवटांचं आधी मिटवते, कारण त्यात निम्मं खरं आहे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यातली सिलिका दुसऱ्या खनिजांत बांधलेली असते, फुफ्फुस बिघडवणारी मोकळी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, जवळपास नसतेच. शिवाय छिन्नी-हातोड्याने कपच्या उडतात, ग्राइंडरसारखं पीठ होत नाही. म्हणजे ते पाथरवट वाचले असतील तर त्याचं श्रेय दगडाला आणि हत्याराला. पण भाच्याच्या शेडमध्ये काळा दगड येतो कुठे? येतो ग्रॅनाइट, ज्यात साधारण तीस टक्के क्वार्ट्झ, आणि आता फॅशनमध्ये आलेला कृत्रिम क्वार्ट्झचा पांढरा स्लॅब, ज्यात नव्वद टक्क्यांच्या वर. या कृत्रिम दगडाने कामगारांची फुफ्फुसं इतक्या लवकर निकामी केली की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो बनवणं, पुरवणं, बसवणं सगळं बंद केलं.

आता गूळ. मला सर्वांत जास्त राग याचा आला, कारण मागचं संशोधन खोटं नाही. १९९४ साली लखनौच्या साहू आणि सक्सेना या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. त्यांनी उंदरांच्या श्वासनलिकेत एकदाच ५० मिलिग्रॅम धूळ सोडली आणि त्यांना आठवड्यातून पाच दिवस अर्धा ग्रॅम गूळ खाऊ घातला. कोळशाची धूळ दिलेल्या उंदरांना नव्वद दिवस, सिलिका दिलेल्यांना तीस दिवस. गूळ खाणाऱ्यांच्या फुफ्फुसांतली इजा कमी दिसली. इथपर्यंत मान्य.

पण कोळशाचे कण गेले कुठे? छातीतल्याच लसिकाग्रंथींत. ‘बाहेर पडते’ हे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाचं घातलं. सिलिकाचे व्रण कमी झाले, नाहीसे झाले नाहीत. धूळ एकदाच दिली होती, माझा भाचा ती आठवड्याचे सहा दिवस खातो. आणि मात्रा बघा. उंदीर दोनशे ग्रॅमचा धरला तर अर्धा ग्रॅम म्हणजे वजनाच्या किलोमागे अडीच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला नुसत्या वजनाच्या हिशेबाने रोजचा दीडशे ग्रॅम गूळ होतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण जेवणानंतरचा खडा त्याच्या आसपासही पोचत नाही.

मुळात सिलिकाचा कण फुफ्फुसात चिखलासारखा चिकटून बसत नाही. शरीराची सफाई करणारी पेशी त्याला गिळते, त्यानेच मरते, कण मोकळा सुटतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. प्रत्येक फेरीत थोडा व्रण पडतो. म्हणून काम सोडल्यावरही सिलिकोसिस, म्हणजे हा व्रणांचा आजार, वाढत राहतो. झालेला व्रण पुसणारं औषध आजही नाही.

रुमालाबद्दल फार लिहायला नको. घातक कण चार-पाच मायक्रॉनच्या आतले असतात आणि रुमालाच्या विणीतली भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. ओला झाला की श्वास जड होतो आणि हवा कडेने शिरते. पण रुमाल टाकून चांगला मास्क घेतला की झालं, असंही नाही. माझं आणि भाच्याचं खरं भांडण इथे आहे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात कृत्रिम दगड अर्धा-अर्धा तास कापून श्वासात जाण्याइतकी बारीक धूळ मोजली. कोरडं कापताना घनमीटरला सुमारे ४४ मिलिग्रॅम. पात्यावर पाणी सोडलं तर ५. पाणी आणि पात्याजवळ धूळ ओढणारं सक्शन, दोन्ही लावलं तर ०.६. आता शेडचा हिशेब करू. भाचा आठ तासांत दोन तास कटर चालवतो. कोरडं कापलं तर दिवसाची सरासरी ११. आपल्या जुन्या कारखाना कायद्याच्या सूत्राने, म्हणजे क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवायचे आणि त्या बेरजेने १० ला भागायचं, नव्वद टक्के क्वार्ट्झच्या धुळीला मर्यादा येते साधारण ०.११. म्हणजे शंभर पट. नीट बसलेला एन-९५ धूळ दहा पटींनी कमी करतो असं धरतात, तरी दहा पट उरलीच. दाढी असेल तर मास्क नीट बसतच नाही, मग तेही विसरा. उलट पाणी आणि सक्शन लावलं की सरासरी ०.१५ वर येते, आणि त्यावर मास्क घातला की ०.०१५.

सेफ्टीच्या शिडीत मास्क सगळ्यात खालच्या पायरीवर असतो तो यासाठी. वर पहिल्यांदा विचारायचं, हा दगड हवाच का, कमी क्वार्ट्झचा चालेल का. मग पाणी आणि सक्शन. मग कामाची शिस्त: कोरडा झाडू नाही, कपड्यांवर कंप्रेसरची हवा मारणं नाही. एवढं करून जी धूळ उरते ती मास्कची.

एक्सरे तर या शिडीत बसतच नाही, तो शिडी कुठे मोडली ते सांगतो. तेही उशिरा. ग्रॅनाइटच्या धुळीत व्रण एक्सरेवर उमटायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्त लागतात, कृत्रिम दगडात पुष्कळदा त्याच्या आत. सीटी स्कॅनमध्ये दिसलेला आजार साध्या एक्सरेत सुटल्याची उदाहरणं आहेत. सुरुवातीला फुंकण्याची चाचणीही नॉर्मल येते. म्हणून कामाला लागायच्या आधीचा एक्सरे जपून ठेवायचा आणि दर वर्षीचा त्याच्या शेजारी लावून बघायचा. जुन्या कारखाना कायद्यात १९८७ साली आलेल्या ४१-सी कलमात धोकादायक पदार्थांवर काम करणाऱ्यांची तपासणी कामाआधी, आणि मग कामावर असताना व काम सोडल्यावरही जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने करायची असं लिहिलं होतं ते उगाच नाही. डॉक्टरला ‘दगड कापतो’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं, नाहीतर डाग क्षयाचे समजले जातात. सिलिका गेलेल्या फुफ्फुसात क्षय लवकर धरतो, तेव्हा थुंकीही तपासायची. आणि एकाचा एक्सरे बिघडला तर त्याच शेडमधल्या सगळ्यांचे काढायचे, कारण हवा एकच होती.

हे सगळं फोनवर ऐकून भाचा म्हणाला, ‘अगं मावशी, मोठ्या कटरला पाणी आहेच. कडेला गोलाई मारताना ग्राइंडर हातात असतो, त्यावर पाणी सोडलं तर शॉक बसेल म्हणतात मालक.’ मालकांचं बरोबर आहे, विजेच्या साध्या ग्राइंडरवर पाणी सोडायचं नसतंच. त्यासाठी पाण्याची नळी जोडलेला, हवेवर चालणारा ग्राइंडर मिळतो, आणि कंप्रेसर त्यांच्याकडे आहे. सध्या कपडे झटकायला वापरतात.